रेझ्युमे पाठवताना फाइलला स्वतःचं नाव द्या

नोकरीसाठी मेलवर रेझ्युमे पाठवणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे, पाठवण्याआधी फाइलचं नाव एकदा वाचा. Resume.pdf नावाची फाइल तुमच्याकडे एकच असते. एचआरवाल्यांच्या फोल्डरमध्ये मात्र त्याच नावाच्या कितीतरी येऊन पडतात आणि संगणक त्यांना (1), (2) असे आकडे जोडत जातो. फाइल उतरवून घेतली की तिचा मेलशी संबंध तुटतो. पुढे ती विभागप्रमुखाकडे गेल्यावर ती कोणाची, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

समजा, स्नेहा पाटील नाशिकच्या एका कारखान्यात तीन वर्षं अकाउंट्स बघते आणि पुण्यातल्या जागेसाठी अर्ज करते आहे. तिने फाइलला असं नाव द्यावं:

```
Sneha-Patil-Accounts-Executive.pdf
```

त्यात ‘फायनल’, ‘न्यू’ असलं काही नको. जाहिरातीत वर्ड फाइल मागितली असेल तर तीच द्यावी. काही कन्सल्टन्सींना मजकूर आपल्या नमुन्यात बसवायचा असतो. मैत्रिणीच्या रेझ्युमेवरून आपला तयार केला असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. फाइलचं नाव बदललं तरी आतल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये मैत्रिणीचं नाव राहू शकतं आणि ते टायटलमध्ये असेल तर ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडली की टॅबवर तेच दिसतं. वर्डमध्ये फाइल मेनूतल्या ‘इन्फो’त जाऊन टायटल आणि ऑथर बदलावं, मग पुन्हा पीडीएफ करावी.

जाहिरातीत विषयाची ओळ ठरवून दिली असेल तर तीच जशीच्या तशी लिहावी. नसेल तर अशी:

```
Accounts Executive, Pune - Sneha Patil - 3 yrs, Tally, GST
```

मोबाइलवर लांब विषय मध्येच कापला जातो, म्हणून पद आधी. जाहिरातीत जॉब कोड असेल तर तो पदाला लागूनच लिहावा. नुसतं ‘जॉब अर्जंट’ लिहिलं, तर अर्ज कोणत्या जागेसाठी आहे हे समजत नाही.

मेल कोरा ठेवू नका आणि रेझ्युमे त्यात पुन्हा उतरवूही नका. चार-पाच वाक्यं पुरतात. जाहिरात कुठे पाहिली. सध्या काय काम करते, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रं भरते, बँकेचे हिशेब जुळवते. पुण्यात यायची तयारी आहे. नोटीस पिरियड तीस दिवसांचा आहे. आणि शेवटी नाव, फोन नंबर. शहर आणि नोटीस पिरियड हे प्रश्न पहिल्याच फोनवर येतात, त्यांची उत्तरं आधीच दिलेली बरी. पगाराची अपेक्षा विचारली असेल तरच लिहा. आणि एकाच मेलमध्ये दहा कंपन्यांचे पत्ते टाकू नका. ते सगळ्यांना दिसतात.

ड्राइव्हची लिंक देण्यापेक्षा फाइलच जोडा. परवानगी द्यायची राहिली तर समोरच्याला लिंक उघडत नाही. आधी मेल स्वतःलाच पाठवा, दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर फाइल उघडून बघा आणि मगच कंपनीला पाठवा.