क्षमापत्रातील ‘आपण’ म्हणजे कोण?

संवत्सरी जवळ आली की पुण्यातील जैन घरांत क्षमापनेच्या मजकुराची जुळवाजुळव सुरू होते. श्वेतांबर परंपरेत पर्युषणाच्या अखेरच्या दिवशी, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला अथवा पंचमीला, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले जाते. दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणी होते. पूर्वी यासाठी पोस्टकार्डे लिहिली जात, पुढे छापील पत्रिका आल्या आणि आता बहुतेक मजकूर मोबाइलवरून जातो. मजकूर मात्र बहुधा एकदाच तयार होतो. तोच महाराजसाहेबांकडे, तोच व्याह्यांकडे, तोच थोरल्या बहिणीकडे आणि तोच धाकट्या भावाकडे. फार तर वरचा मायना बदलतो.

उदाहरणासाठी असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. गृहस्थांची मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी आहे. कुटुंब मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्यांपासून पुण्यात. घरात मारवाडी, प्रवचनात हिंदी आणि पेढीवर मराठी. त्यांच्यासमोर हिंदीतील नेहमीचे वाक्य आहे : ‘हमसे कोई भूल हुई हो, आपका मन दुखा हो, तो क्षमा करें।’ त्याचे मराठी ते असे करतात : ‘वर्षभरात आपल्याकडून काही चुका झाल्या असतील, आपले मन दुखावले असेल, तर क्षमा करावी.’

वाक्य सभ्य वाटते. परंतु ज्याला ते पत्र मिळेल, त्याच्या जागी बसून वाचले की पहिलेच पद अडते. ‘आपल्याकडून चुका झाल्या’ म्हणजे कोणाकडून? मराठी वाचकासमोर येथे तीन अर्थ उभे राहतात. ‘आपण’ हा आदरार्थी असेल, तर चुका पत्र वाचणाऱ्याच्या ठरतात. ‘आपण सगळे मिळून’ असा अर्थ घेतला, तर चुका दोघांच्या ठरतात. लिहिणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ, म्हणजे चुका माझ्या, तो सर्वांत मागे राहतो. ज्याची क्षमा मागायची, त्याच्याच पदरी चूक घालून पत्र संपते.

असे का होते, याचे कारण दोन भाषांच्या घडणीत आहे. हिंदीत ‘हम’ हा एकच शब्द ऐकणाऱ्याला धरूनही वापरतात आणि वगळूनही. मराठीत मात्र दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’, त्याला बरोबर घेऊन ‘आपण’. म्हणून ‘हमसे’ या शब्दाचे मराठी करताना निवड करावीच लागते, आणि क्षमापत्रात ती निवड ‘आमच्याकडून’ अथवा ‘माझ्याकडून’ हीच असू शकते. उलट बाजूने पाहता, हिंदीत ‘आपका’ आणि ‘अपना’ हे वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींची जागा ‘आपला’ हा एकच शब्द घेतो. शाळेच्या व्याकरणातही ‘आपण’ हे सर्वनाम पुरुषवाचकांत येते आणि आत्मवाचकांतही येते, ते याचमुळे. ‘मी आपल्या भावाशी बोललो’ हे वाक्य घरात ‘माझ्या भावाशी’ असे ऐकले जाते. तेच एखाद्या वडीलधाऱ्या परक्या गृहस्थांना उद्देशून पत्रात लिहिले, तर ‘तुमच्या भावाशी’ असे वाचले जाते. गुजराती बोलणाऱ्या घरांत हा घोटाळा कमी होतो, कारण तेथे ‘अमे’ आणि ‘आपणे’ हा भेद मराठीसारखाच आहे आणि आदराचे ‘आप’ त्याहून निराळे आहे.

तरीही हे गृहस्थ ‘आपण’ सोडायला तयार होत नाहीत. त्यांची अडचण खरी आहे. त्यांच्या कानाला ‘तुम्ही’ हा शब्द हिंदीतील ‘तुम’सारखा लागतो. हिंदीत ‘तुम’ हे बरोबरीच्यांना अथवा धाकट्यांना म्हणतात आणि व्याह्यांना कोणी ‘तुम’ म्हणत नाही. मराठीत मात्र ‘तुम्ही’ हाच आदराचा रोजचा शब्द आहे. सासरे, शिक्षक, डॉक्टर, शेजारचे काका, सर्वांना ‘तुम्ही’ शोभते. हिंदीतील ‘आप’ची जागा मराठीत बहुतेक वेळा ‘तुम्ही’ भरून काढते. ‘आपण’ ही त्यापुढची पायरी आहे. सभा, निमंत्रण, अर्ज, प्रथम भेट, अशा प्रसंगी ती योग्य दिसते. रोज भेटणाऱ्या माणसाला ती वापरली तर आदर वाढत नाही, अंतर वाढते.

येथून पुढे एकाच मजकुराचे चार वाचकांसाठी चार मसुदे कसे होतात, ते पाहावे.

पहिले पत्र चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींना. येथे ‘आपण’ योग्यच आहे, पण त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे सर्वनामाऐवजी पदवीच लिहिणे : ‘वर्षभरात माझ्याकडून विनयात उणीव राहिली असेल, तर महाराजसाहेबांनी क्षमा करावी.’ यात चूक कोणाची आणि क्षमा कोणी करायची, दोन्ही निःसंदिग्ध होतात. ‘आपण’ ठेवायचेच असेल, तर एक लक्षात घ्यावे की विशेषण लिंगाप्रमाणे बदलते. साध्वीजींना ‘आपण कशा आहात’ असे विचारायचे, ‘कसे आहात’ असे नव्हे. मुनिश्रींसाठी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा साध्वीजींकडे गेला, तर हे एकच अक्षर सांगते की पत्र त्यांच्यासाठी लिहिलेले नाही.

दुसरे पत्र व्याह्यांना. मुलीचे लग्न होऊन आठ वर्षे झाली आहेत, येणेजाणे आहे आणि बोलताना दोन्हीकडून ‘तुम्ही’ चालते. मग पत्रातही तेच यावे : ‘माझ्या एखाद्या बोलण्याने तुमचे मन दुखावले असेल, तर मला क्षमा करा. तुम्ही दोघेही एकदा घरी या.’ लग्न नुकतेच झाले असते, तर ‘आपण क्षमा करावी’ हे शोभले असते.

तिसरे पत्र थोरल्या बहिणीला. येथे वयाचा मान मोठा, म्हणून ‘तुम्ही’ लिहावे असे वाटते. परंतु बहुतेक मराठी घरांत आई, आजी, मावशी, ताई यांना ‘तू’च म्हणतात, आणि त्यात अनादर नसतो. ज्या घरात ताईला पूर्वीपासून आदरार्थी बोलतात, तेथे पत्रातही तसेच लिहावे. या गृहस्थांच्या घरात बहीण-भावंडे पेठेतल्या वाड्यात मराठी मुलांबरोबर वाढली आणि त्यांच्यात ‘तू’ आहे : ‘ताई, माझ्या बोलण्याने तुझे मन दुखावले असेल, तर मला क्षमा कर.’ एकवचन म्हणजे कमीपणा नव्हे, हे जैन वाचकांना वेगळे सांगायला नको. भक्तामर स्तोत्रात मानतुंगाचार्य आदिनाथ प्रभूंना एकवचनीच संबोधतात.

चौथे पत्र धाकट्या भावाला, आणि खरी कसोटी येथेच लागते. पेढीची वाटणी झाली तेव्हा हिशेबावरून शब्दाला शब्द लागला आणि तीन वर्षे बोलणे बंद आहे. त्याला काय म्हणावे? ‘आपण’ लिहिण्याचा मोह होतो, कारण त्यात कोणताच धोका दिसत नाही. परंतु ज्याने जन्मभर या तोंडून ‘तू’ ऐकले, त्याला आलेले ‘आपण क्षमा करावी’ हे वाक्य वकिलाच्या नोटिशीसारखे वाचता येते. तो सरळ अर्थ काढील की नाते संपले, उपचार तेवढा उरला. ‘तुम्ही’ लिहिले तरी तोच प्रकार, फक्त थोडा सौम्य. वाचक सर्वनाम एकटे वाचत नाही. काल काय म्हटले जात होते, त्याच्याशी ते ताडून पाहतो.

मात्र ‘तू’लाही एक मर्यादा आहे. भांडणात माणसे ‘अरे-तुरे’वर येतात, म्हणून तुटलेल्या नात्यात कोरडे ‘तू’ अधिकार गाजवल्यासारखे लागू शकते. त्यावर उपाय ‘आपण’कडे वळणे हा नाही. वाक्यात ‘मी’ आधी यावा, चूक नेमकी सांगावी आणि ‘असेल तर’ गाळावे : ‘वाटणीच्या दिवशी सर्वांसमोर मी तुझ्या हिशेबावर संशय घेतला. ते चुकले. मला क्षमा कर. तू आणि मुले घरी या.’ शेवटच्या वाक्यात ‘ये’ नाही, ‘या’ आहे. तो आदर नसून संख्या आहे, कारण निमंत्रण एकट्याला नाही. भावाच्या पत्नीलाही उद्देशून लिहायचे असेल आणि तिला ‘तुम्ही’ म्हणत असतील, तर ‘तुम्ही सर्वजण या’ असे लिहिल्याने दोघांचाही मान राहतो.

मसुदा बदलताना गडबड होते ती सर्वनामांत नाही, क्रियापदांत. मराठीत सर्वनाम पुष्कळदा गाळले जाते आणि संबोधन क्रियापदाच्या शेवटी लपून राहते. भावाचे पत्र व्याह्यांसाठी बदलताना ‘तू’चे ‘तुम्ही’ आणि ‘तुझे’चे ‘तुमचे’ होते, पण खाली ‘मनात ठेवू नकोस’ तसेच राहते. तेथे ‘ठेवू नका’ हवे आणि महाराजसाहेबांसाठी ‘ठेवू नये’. तीच गत ‘आलास, आलात’ आणि ‘ये, या, यावे’ यांची. म्हणून बदललेले पत्र दोनदा वाचावे. पहिल्या वाचनात सर्वनामे बोटाखाली झाकून फक्त क्रियापदांचे शेवट पाहावेत, ते सर्व एकाच पातळीचे आहेत ना हे पडताळावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक ‘आपला, आपले, आपल्या’पाशी थांबून ‘कोणाचे?’ असा प्रश्न करावा. उत्तर तत्काळ आले नाही, तर तेथे ‘माझे’, ‘आमचे’ अथवा ‘तुमचे’ घालावे.

शंभर घरांना जाणाऱ्या छापील पत्रिकेत चार मसुदे शक्य नाहीत. तेथे वाचणाऱ्यासाठी ‘आपण’ ठेवण्यास हरकत नाही, मात्र लिहिणाऱ्यासाठी तो शब्द एकदाही येऊ नये : ‘आमच्या परिवाराकडून आपले मन दुखावले गेले असेल, तर आपण क्षमा करावी.’ ‘आमच्या’ हा शब्द वाचणाऱ्याला चुकीतून बाहेर ठेवतो, आणि त्यानंतर आलेला ‘आपण’ कोण याविषयी शंका उरत नाही.

भावाला मात्र ही पत्रिका पाठवू नये. त्याच्यासाठी ते चार ओळींचे पत्र वेगळे, हाताने लिहावे.