तर्री तीच, तेल पाव: बाबांच्या ताटाची गोष्ट

मागच्या वर्षी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, तीन महिन्यांची सरासरी साखर ९.४ आली आणि रक्तदाबही वाढलेला निघाला. मी त्याच दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. दुसऱ्या दिवसापासून भाजीत नावापुरतं तेल, मीठ निम्मं आणि गोडाला पूर्ण बंदी. बाबांनी चार दिवस मुकाट्याने खाल्लं. पाचव्या दिवशी ताट पुढे सरकवून म्हणाले, "पोरी, आजार मला झाला आहे, भाजीला कशाला आजारी पाडतेस?"

मी ते हसण्यावारी नेलं, आणि चुकले. त्या दिवशी त्यांनी सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती, पण जेवले अर्धी पोळी. चारच्या सुमारास हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला आणि बोलणं तुटक झालं. बोटाचं रक्त यंत्रावर तपासलं तर साखर ५८! तीन छोटे चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आकडा वर आल्यावर पोळी-वरण खायला घातलं. ते शुद्धीवर होते म्हणूनच पाणी पाजता आलं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

त्या दिवसापासून मी चवीला लाड समजणं सोडलं. साखर उतरवणारी काही औषधं घेणाऱ्या माणसाने बेचव ताट अर्धवट टाकलं, तर त्यातही धोका आहे. म्हणून खाण्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषधाचं प्रमाण बदलावं लागू शकतं. बाबांचं बदललं.

पाटोडी रस्सा: परीक्षेचा पदार्थ

बाबा वर्ध्याकडचे. १९७६ मध्ये भिलाई पोलाद कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. भिलाईच्या सेक्टरमधल्या वैदर्भी घरांत रविवारी पाटोडी रस्सा नसेल तर रविवार वाटत नाही. वर लाल तर्री हवी, आणि तर्री म्हणजे तेल. चार माणसांच्या रश्श्याला सासूबाई आठ मोठे चमचे तेल घालायच्या, पाटोडीला आणखी दोन. दर माणशी साधारण ३७ मिली, आणि तेही एकाच पदार्थात. आता एकूण दोन मोठे चमचे आणि एक छोटा चमचा लागतो, म्हणजे दर माणशी नऊ मिलीच्या आत. नुसतं तेल कमी केलं असतं तर रस्सा फिकाच झाला असता. काय बदललं ते सांगते.

पहिली गोष्ट भाजण्याची. दोन मोठे कांदे सालासकट जाळीवर काळे होईपर्यंत भाजते आणि साल काढून घेते. सुकं खोबरं अर्धी वाटी असायचं, ते दोन मोठे चमचे केलं, कारण खोबऱ्यातही तेलच असतं. खोबरं, एक चमचा खसखस, धणे, लवंग, दालचिनी आणि दगडफूल कोरडंच तव्यावर मंद आचेवर परतते. कांदा, आठ लसूण पाकळ्या आणि आलं घालून सगळं एकदम बारीक वाटते. वाटण भरड राहिलं तर कमी तेलात रस्सा पाणी आणि चोथा असा वेगळा दिसतो.

दुसरी गोष्ट परतण्याची. जाड बुडाच्या कढईत एकच मोठा चमचा तेल तापवते आणि जिऱ्याची फोडणी करून वाटण घालते. दोन मिनिटांत ते खाली लागायला लागतं. इथेच हात तेलाच्या बरणीकडे जातो. तो आवरायचा आणि एक चमचा गरम पाण्याचा हबका मारायचा. बुडाला चिकटलेलं सुटतं आणि त्याचा खरपूस रंग मसाल्यात उतरतो. असं सात-आठ वेळा, बारा ते पंधरा मिनिटं. एरवी मसाला झाल्याची खूण म्हणजे तेल सुटणं. इथे ती दिसणार नाही. इथली खूण अशी की कच्च्या लसणाचा वास जातो, रंग गडद होतो आणि मसाला कढईच्या कडा सोडून गोळा होतो. त्याआधी पाणी ओतलं तर रस्सा कच्चा लागतो, आणि मग घरचे म्हणतात, तेल कमी पडलं. खरं तर वेळ कमी पडलेला असतो.

तिसरी गोष्ट तर्रीची. तिखटाचा लाल रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून राखून ठेवलेला दुसरा मोठा चमचा तेल शेवटी छोट्या कढल्यात तापवते, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबते आणि मग दोन छोटे चमचे तिखट घालते. लगेच घातलं तर तिखट करपून कडू होतं. हे लाल तेल उकळत्या रश्श्यावर फिरवून ओतायचं आणि ढवळायचं नाही. वाढताना ते वरच तरंगतं. डोळ्याला, नाकाला आणि जिभेला आधी भेटते ती हीच तर्री. आधी घातलेले आठ चमचे मसाल्यात बुडून जायचे. हा एक चमचा दिसतो.

पाटोडीसाठी एक वाटी बेसन आणि पावणेदोन वाट्या पाणी. एका छोट्या चमचा तेलात जिरं, ओवा, लसूण-मिरची परतून पाणी उकळवते आणि थोड्या पाण्यात कालवलेलं बेसन त्यात घालून घोटते. झाकण ठेवून वाफ आणली की गोळा चकाकतो. ताटाला तेल न लावता पाणी लावून तो थापते आणि वरून सांबार भुरभुरते. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, गैरसमज नको!) वड्या वाढतानाच रश्श्यात घालायच्या, नाहीतर त्या रस्सा पिऊन टाकतात.

मीठ कुठे कुठे लपतं

रोलिंग मिलच्या भट्टीसमोर आठ तास घाम गाळणाऱ्या बाबांना तेव्हा खारट जेवण सोसलं असेल. निवृत्त झाल्यावर घाम थांबला, जिभेची सवय मात्र तीच राहिली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं धरून.

मी आमच्या रविवारच्या ताटाचा हिशेब केला. रस्सा आणि पाटोडीत मिळून चौघांना अडीच चमचे मीठ. त्याशिवाय भातात, कणकेत, लोणच्यात, आणि तळलेली बिजौरी व खारवलेली दही-मिरची वेगळी. छत्तीसगडमध्ये राहून या दोन गोष्टी सुटत नाहीत! पण मीठ सगळ्यात जास्त तिथेच. म्हणून आधी भात-कणकेतलं मीठ बंद केलं. रश्श्यासोबत खाताना कुणाच्याच लक्षात आलं नाही. लोणचं, बिजौरी, दही-मिरची यांपैकी आठवड्यातून एकदा एकच.

रश्श्याचं मीठ मात्र एकदम निम्मं केलं नाही. दर दोन आठवड्यांनी पाव-पाव चमचा कमी करत अडीचवरून सव्वापर्यंत यायला अडीच महिने लागले. जीभ हळूहळू शिकते. मीठ शेवटी घालते, कारण रस्सा आटला की आधी घातलेलं मीठ जास्त जाणवतं आणि अंदाज चुकतो. ताटात लिंबाची फोड असतेच. आंबटपणा असला की मिठाची उणीव कमी भासते.

एक सावधगिरी. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात बहुधा पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

पोळा आणि पुरणपोळी

खरी कसोटी पोळ्याला लागली. त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी, आणि शेजारच्या छत्तीसगडी काकूंकडून ठेठरी-खुरमीचं ताट. बाबा म्हणाले, "गुळाचं चालतं ना? साखर तर नाही त्यात." हा गैरसमज घरोघरी आहे. गूळही मुख्यतः साखरच, रक्तातली साखर तोही चढवतो.

आमचं पुरण एक वाटी चणाडाळीला एक वाटी गूळ असं असायचं. वाटीत गूळ दीडशे ग्रॅम बसतो आणि पोळ्या आठ होतात, म्हणजे एका पोळीत जवळपास १९ ग्रॅम गूळ. यंदा गूळ अर्धी वाटी केला. पहिला घाणा बिघडला: पुरण कोरडं झालं आणि लाटताना पोळी फाटली. गूळ विरघळून पुरणाला ओल देतो. तो कमी झाला की पुरण लवकर घट्ट होतं. दुसऱ्या घाण्यात डाळ पूर्ण न निथळता थोडा कट राहू दिला आणि उलथणं उभं राहण्याच्या थोडं आधीच गॅस बंद केला. जायफळ, वेलची दुप्पट, थोडी सुंठ आणि चिमूटभर मीठ घातलं. तुपाची धार न धरता भाजलेल्या पोळीवर अर्धा छोटा चमचा तूप फिरवलं.

बाबांच्या वाट्याला एक पोळी. आधी कटाची आमटी आणि लाल भाजी, मग पोळी, आणि त्या जेवणात भात नाही, कारण डाळ आणि कणकेतही पिष्ट असतंच. खुरमीचा एक छोटा तुकडा त्यांनी चाखला. ताट परत पाठवणं आमच्याकडे बसत नाही. जेवणानंतर दोन तासांनी साखर १७२. मागच्या पोळ्याला दोन पोळ्या आणि भात खाऊन ती २६१ होती. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, त्यामुळे हाच आकडा तुमच्याकडे येईल असं नाही. तुमच्या घरच्या पदार्थाचा परिणाम तुमच्याच यंत्रावर, दोन तासांनी पाहा. कोणता पदार्थ ठेवायचा आणि किती, ते तो आकडा सांगतो.

आता एक छोटंसं काम. तेलाचं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. आमच्या चौघांना महिन्याला चार लिटर लागायचं, आता अडीच पुरतं. आणि बाबांसाठी वेगळा डबा मी कधीच केला नाही. रस्सा सगळ्यांना एकच. गेल्या रविवारी त्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि विचारलं, "आज तेल जास्त पडलं का गं?"

मी म्हटलं, "हो बाबा, जरा हात सैल झाला." सासूबाई पदराआड हसत होत्या.