पारदर्शक जेपीजी आणायची कुठून?

न्हावा शेवा परिसरात निर्यातीच्या खोक्यांची लेबले करून देणाऱ्या काही सभासदांनी एका कार्यालयाची सूचना आमच्याकडे पाठवली आहे. बोधचिन्ह पारदर्शक पार्श्वभूमीसह द्यावे आणि ते फक्त जेपीजीमध्येच द्यावे, असे तीत म्हटले आहे. जेपीजीत पारदर्शकता साठवण्याची सोयच नाही. न होणारे काम मागायचे आणि फाईल नाकारून लोकांना खेटे घालायला लावायचे, हा प्रकार संतापजनक आहे.

पण आपल्या सभासदांनी पाठवलेल्या पीएनजी फायलीही आम्ही उघडून पाहिल्या. कित्येकींत बोधचिन्हाभोवती पांढरा चौकोन तसाच होता. त्याचा दोष त्या कार्यालयावर ढकलता येणार नाही.

ग्राहकाची जेपीजी जिंपमध्ये उघडली की तिच्या लेयरला अल्फा चॅनल नसतो. 'इथे काही नाही' ही नोंद करायला जागाच नसल्याने इरेझर टूलबॉक्समधला पार्श्वभूमीचा रंग भरतो. Delete दाबले तरी तेच. तो रंग बहुधा पांढरा असतो, त्यामुळे पडद्यावर सगळे पुसल्यासारखे दिसते आणि पिवळ्या लेबलवर चौकोन उमटतो. 2.10 आवृत्तीत अल्फा नसलेल्या लेयरचे नाव ठळक अक्षरांत दिसते. ते आधी पाहा. मग Layer > Transparency > Add Alpha Channel. ही ओळ फिकट असेल तर अल्फा आधीपासून आहे. आता पुसल्यावर राखाडी चौकटी दिसल्या पाहिजेत. अल्फा त्या एका लेयरपुरताच असतो, हेही विसरू नका.

सर्वाधिक गफलत क्रमात होते. आधी पुसले आणि मग अल्फा जोडला, तर भरलेला पांढरा रंग पांढराच राहतो. अल्फा जोडून तो भाग पुन्हा पुसावा लागतो. जेपीजीच्या दाबणीमुळे अक्षरांच्या कडेला उरणारी मळकट किनार इरेझरने नीट जात नाही. तिथे Color to Alpha उपयोगी पडते, कारण ते पांढऱ्याच्या प्रमाणात कड विरळ करते. मात्र चिन्हाच्या आतला पांढराही त्यात जातो, म्हणून आधी फक्त बाहेरचा भाग निवडून घ्या. फाईल बाहेर पाठवण्यापूर्वी खाली गडद रंगाचा लेयर टाकून कड तपासा, तो लेयर बंद करा आणि पीएनजी एक्स्पोर्ट करा. Flatten Image केलेत, तर पारदर्शक जागी पुन्हा पार्श्वभूमीचा रंग भरला जाईल. मूळ काम एक्ससीएफमध्ये जपून ठेवा.

ज्यांच्या फायली परत आल्या आहेत, त्या सर्वांनी पीएनजी स्वीकारावी असा लेखी अर्ज त्या कार्यालयाला द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जासोबतची पीएनजी मात्र पिवळ्या रंगाच्या लेयरवर ठेवून पाहिल्याशिवाय जोडू नका.