गळका नळ आणि विनंतीचे क्रियापद

मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मध्यम पातळीच्या वर्गात, भाडेकरूने घरमालकाला नळदुरुस्तीसाठी लिहायचा ईमेल हा पाठ मायना आणि समारोप यांच्या सरावावरच संपवला, तर त्यातील खरे भाषिक काम सुटून जाते. ‘नळ खराब झाला आहे’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असले तरी ते वाचून घरमालकाला काहीच ठरवता येत नाही. नळ बंद केल्यावरही तोटीतून थेंब पडत असतील, तर बहुधा आतला वायसर, म्हणजे पाणी अडवणारी रबरी चकती, झिजलेला असतो. पाणी नळाच्या मुळाशी झिरपून भिंतीला ओल येत असेल, तर दोष जोडात किंवा भिंतीतल्या पाइपात असण्याचा संभव अधिक. हा फरक खर्चापर्यंत पोहोचतो, कारण केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे नमुना म्हणून ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात, करारात वेगळे ठरले नसल्यास, वायसर आणि नळ बदलणे भाडेकरूकडे, तर पाइप बदलणे मालकाकडे सोपवले आहे. हा नमुना आपोआप लागू होत नाही, म्हणून पाठात करारातील कलम आधी वाचायला लावणे आवश्यक ठरते.

दुसऱ्या प्रकारच्या गळतीसाठी पुढील मजकूर वर्गात घेता येईल :

‘विषय : स्वयंपाकघरातील नळाची गळती

माननीय महोदय,
स्वयंपाकघरातील नळ बंद असतानाही त्याच्या मुळाशी सोमवारपासून पाणी झिरपत असून भिंतीला ओल आली आहे. सोबत छायाचित्र जोडले आहे. कृपया येत्या शनिवारपर्यंत प्लंबर पाठवून ही गळती दुरुस्त करून द्यावी, ही विनंती. सायंकाळी सहानंतर घरी कोणीतरी असते.
आपला,
(भाडेकरूचे नाव व सदनिका क्रमांक)’

येथे अडखळण्याची जागा ‘द्यावी’ ही आहे. विध्यर्थ, म्हणजे विनंती किंवा कर्तव्य सांगणारे क्रियापदाचे रूप, अशा रचनेत कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, म्हणून गळती दुरुस्त करून द्यावी, नळ दुरुस्त करून द्यावा आणि काम करून द्यावे. हिंदी भाषक विद्यार्थी मात्र ‘आप’सोबतच्या आदरार्थी रूपाच्या सवयीने ‘आपण नळ दुरुस्त करा’ असे लिहितो. ते चुकीचे नाही, पण औपचारिक पत्रात ते थेट सांगितल्यासारखे वाटते, आणि ते टाळायला ‘कृपया’ची संख्या वाढवून उपयोग होत नाही, कारण येथील सौजन्य मुख्यतः क्रियापदात असते. तारीख आणि घरी असण्याची वेळ हेही त्या विनंतीचेच भाग होत, कारण त्यांच्याविना प्लंबर पाठवायचे ठरले तरी कधी पाठवायचा, हे विचारणारा आणखी एक ईमेल लिहावा लागतो.

म्हणून शिक्षकांनी हा ईमेल तपासताना मायन्यापेक्षा गळतीच्या वर्णनाला आणि विध्यर्थाच्या वाक्याला अधिक गुण द्यावेत.