स्टॅटिन आणि साखर : जमाखर्चाचा ताळा

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी घेणाऱ्या साठीतील एखाद्या व्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. गोळीपूर्वी त्यांचे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज देणारा आकडा, ६.४ होता, वर्षभराने तो ६.५ झाला. मधुमेहाची रेषा ६.५ वरच आहे. 'गोळीने मधुमेह दिला' असे म्हणून त्यांनी ती बंद केली. हिशेबाने हे योग्य ठरते काय?

२०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. २५५ जणांनी चार वर्षे स्टॅटिन घेतल्यास मधुमेहाचा एक जादा रुग्ण आढळतो, असे त्यात दिसले. तितक्याच जणांचे एलडीएल ३९ अंकांनी उतरले, तर हृदयविकाराचे सुमारे पाच झटके वा मृत्यू टळतात. शिवाय साखर आहाराने व औषधाने आवरता येते. झटक्यात मेलेला हृदयाचा स्नायू परत मिळत नाही.

साखरेतील ही वाढ अल्प असते. त्यामुळे रेषा ओलांडतात ते बहुधा आधीच रेषेलगत असलेले लोक. मोठ्या मात्रेत धोका थोडा वाढतो. ज्यांना हृदयविकाराचा संभव मुळातच कमी, त्यांच्या जमेची बाजूही लहान असते. त्यांनी गोळीची गरज डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. इतरांनी एचबीए१सी ठरावीक काळाने पाहावे. आकडा चढल्यास साखरेवर उपाय करावा, गोळी परस्पर थांबवू नये.