रुग्णालयातील तुलनागट आणि कॉफीवरील आरोप

एखाद्या आजाराचे कारण शोधताना त्या आजाराच्या रुग्णांची तुलना तो आजार नसलेल्या माणसांशी करणे, ही साथरोगशास्त्रात रुळलेली पद्धत आहे. पहिल्या समूहाला रुग्णगट आणि दुसऱ्याला तुलनागट म्हणतात, आणि ज्या सवयीवर वा पदार्थावर संशय आहे त्याचे प्रमाण दोन्ही गटांत किती होते हे पाहून निष्कर्ष काढला जातो. हा तुलनागट त्याच रुग्णालयातील इतर रुग्णांतून निवडावा, असे मानणारा एक जुना पक्ष आहे. या पक्षाचे म्हणणे असे की, अंथरुणाला खिळलेला माणूस आपल्या पूर्वीच्या सवयी रुग्णगटातील माणसाइतक्याच बारकाईने आठवतो. दोघेही एकाच परिसरातून आणि बहुधा एकाच डॉक्टरांमार्फत आलेले असतात. शिवाय रुग्णालयातील माणूस मुलाखत सहसा नाकारत नाही. यांपैकी कोणताही मुद्दा खोटा नाही. मात्र त्यांतून जो निष्कर्ष काढला जातो, तो टिकणारा नाही.

तो का टिकत नाही, हे समजण्यासाठी तुलनागटाचे काम नेमके काय आहे हे आधी निश्चित करावे लागते. ज्या लोकसमूहातून रुग्ण आले, त्या समूहात संशयित सवय सर्वसाधारणपणे किती पसरलेली आहे, हे सांगणे एवढेच ते काम आहे. तुलनागटातील माणसे रुग्णांसारखी दिसतात की नाही हा प्रश्न त्यामानाने गौण ठरतो. रुग्णालयातील माणसे मात्र कोणत्या ना कोणत्या आजाराने निवडून आत आणलेली असतात, आणि त्या आजाराचा संशयित सवयीशी काहीही संबंध असला, तर त्यांच्यातील सवयीचे प्रमाण मूळ समूहापेक्षा वेगळे होते. या चुकीला निवडदोष म्हणतात. मेयो क्लिनिकमधील संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्येच दाखवून दिले होते की, मूळ लोकसंख्येत दोन गोष्टींचा परस्परसंबंध नसला तरी केवळ रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रक्रियेमुळे तो निर्माण झाल्यासारखा दिसू शकतो.

या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. हार्वर्डमधील ब्रायन मॅकमॅहॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण बोस्टन व ऱ्होड आयलंड येथील रुग्णालयांत शोधले आणि कॉफी पिण्याचा या रोगाशी संबंध असल्याचा निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. कॉफीविषयी माहिती मिळालेल्या ३६७ रुग्णांपैकी २० जण कॉफी न पिणारे होते, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के. तुलनागटातील ६४३ जणांपैकी मात्र ८८ जण कॉफी न पिणारे होते, म्हणजे जवळजवळ चौदा टक्के. रुग्णगटात एका न पिणाऱ्यामागे सुमारे सतरा पिणारे आणि तुलनागटात सुमारे सहा, असा हा हिशेब होता. वय, लिंग, धूम्रपान अशा इतर बाबी जमेस न धरता केलेल्या या ढोबळ हिशेबाप्रमाणे कॉफी पिणाऱ्यांचा धोका पावणेतीन पट दिसतो.

आता तुलनागट कुठून आला ते पाहिले पाहिजे. रुग्णगटातील माणसाला ज्या डॉक्टरांनी दाखल केले, त्यांनीच त्या सुमारास दाखल केलेले इतर रुग्ण तुलनेसाठी घेतले गेले होते. स्वादुपिंडाचा कर्करोग पाहणारे डॉक्टर बहुतेकदा पचनसंस्थेचे तज्ज्ञ असतात, म्हणून तुलनागटात पोटाच्या आणि आतड्यांच्या विकारांचे लोक मोठ्या संख्येने आले. अशा लोकांनी कॉफीने त्रास होतो म्हणून किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती कमी केलेली वा सोडलेली असते. शिवाय धूम्रपान आणि मद्यपानाशी जोडलेल्या आजारांचे रुग्ण तुलनागटातून मुद्दाम वगळले होते, आणि धूम्रपान करणारे लोक कॉफीही अधिक पीत असल्याने या वगळण्यानेही तुलनागटातील कॉफीचे प्रमाण घटले. त्यामुळे रुग्णगट जास्त कॉफी पिणारा दिसला तो तुलनागट कमी पिणारा होता म्हणून, हा संशय अगदी रास्त ठरतो.

संख्या मोठी असल्याने असा दोष आपोआप बुजतो, असे या पक्षाचे समर्थक म्हणतात, ते मात्र साफ चूक आहे. तुलनागटात न पिणाऱ्यांचे प्रमाण रुग्णगटाइतकेच असते, तर ६४३ जणांत ते सुमारे ३५ भरले असते. म्हणजे पोटाच्या तक्रारींमुळे कॉफी सोडलेली अवघी ५३ माणसे तुलनागटात असली, तरी पावणेतीन पट धोक्याचा संपूर्ण आभास उभा राहतो. तेवढ्यांनी कॉफी खरोखर सोडली होती, असे या आकडेमोडीने सिद्ध होत नाही. निष्कर्ष उलटण्यास किती थोडी माणसे पुरतात, एवढेच ती दाखवते. संख्या कितीही वाढवली तरी हे प्रमाण तसेच राहते. अंदाजाची डळमळ कमी होते आणि चुकीचा आकडा अधिक खात्रीलायक वाटू लागतो.

दोषाची खूण त्याच अभ्यासाच्या आकड्यांतही होती. कॉफी हे खरे कारण असते, तर जास्त पिणाऱ्यांचा धोका चढत जायला हवा होता. पण पुरुषांत दिवसाला एक-दोन कप पिणाऱ्यांचा आणि पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांचा धोका जवळजवळ सारखाच निघाला. न पिणाऱ्यांच्या तुलनेत सगळेच सारखे उंच दिसतात तेव्हा गडबड पायाशी, म्हणजे न पिणाऱ्यांच्या फुगलेल्या संख्येत असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. स्त्रियांत काही चढ दिसला होता, त्यामुळे ही खूण एकट्याने निर्णायक ठरत नव्हती. परंतु १९८६ मध्ये त्याच गटाने नव्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात पूर्वीचा चढता कल पुन्हा आढळला नाही, आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने उपलब्ध पुराव्यावरून कॉफीने स्वादुपिंडाचा कर्करोग होत नसल्याकडे कल नोंदवला.

म्हणून रुग्णालयातील तुलनागट सर्वस्वी टाकून द्यावा, हे दुसरे टोकही मान्य करता येत नाही. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये लंडनमधील रुग्णालयांतच तुलना केली, तेव्हा फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुषांपैकी केवळ २ आणि तितक्याच इतर रुग्णांपैकी २७ धूम्रपान न करणारे निघाले. येथेही तुलनागटात धूम्रपानाशी संबंधित आजारांचे रुग्ण होते, पण त्यामुळे तुलनागटातील धूम्रपान वाढले आणि दोन गटांतील अंतर कमी झाले. दोषाने संबंध लपवण्याचे काम केले, तरीही तो लपला नाही. कॉफीच्या प्रकरणात दोष संबंध निर्माण करण्याच्या दिशेने होता. दोषाची दिशा ओळखणे हाच अशा पुराव्याच्या मूल्यमापनाचा गाभा आहे.

यातून जी पद्धत उभी राहते ती साधी आहे. तुलनेसाठी अनेक वेगवेगळ्या निदानांचे रुग्ण घ्यावेत आणि ज्या आजाराचा संशयित सवयीशी संबंध आहे, तो आजार याच वेळी दाखल होण्याचे कारण असेल तर त्या रुग्णाला वगळावे. पूर्वी कधीतरी तो आजार होता म्हणून मात्र वगळू नये, कारण तशा माणसांना रुग्णगटात मज्जाव नसतो. नंतर प्रत्येक निदानाच्या उपगटात सवयीचे प्रमाण वेगळे मोजावे. पोटाच्या विकारांत ते हाडमोडीच्या किंवा डोळ्यांच्या रुग्णांपेक्षा फार निराळे निघाले, तर धोक्याची सूचना तिथेच मिळते. सगळेच उपगट सारखे झुकलेले असतील तर या तपासणीने काही उघड होत नाही, म्हणून शक्य तिथे वस्तीतून घेतलेला दुसरा तुलनागट जोडावा. त्यातही नकार देणारे अधिक आणि आठवण अंधुक, ही उणीव आहेच. पण दोन गटांच्या उणिवा भिन्न असल्याने दोन्हींतून एकच उत्तर आले तर ते अधिक विश्वासार्ह ठरते. ज्या शोधनिबंधात तुलनागटातील माणसे कोणत्या आजारांसाठी दाखल झाली होती हे सांगितलेले नसते, त्यातील धोक्याचा आकडा कितीही मोठा असला तरी कारण म्हणून स्वीकारू नये.