बोट टेकवा, पासवर्ड विसरा

गेल्या श्रावणात माझ्या धाकट्या जावेवर एक प्रसंग आला. फोनवर निरोप आला, ‘तुमचं मेलचं खातं आज रात्री बंद होणार, इथे दाबून चालू ठेवा.’ बिचारीने घाईघाईने दाबलं. पान अगदी नेहमीसारखं दिसलं. तिने पासवर्ड टाकला, फोनवर आलेला सहा आकडी कोडही टाकला. पलीकडच्या भामट्याने त्याच क्षणी दोन्ही खऱ्या ठिकाणी टाकले आणि खातं त्याच्या ताब्यात गेलं! मुलीच्या बारशापासूनचे फोटो त्यात होते. खातं परत मिळायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत तिला जेवण गोड लागलं नाही.

आता यात जाऊबाईंचा दोष काय? पासवर्ड म्हणजे शेवटी एक गुपित शब्दच. तो दर वेळी दुसऱ्याला सांगावा लागतो, आणि ऐकणारा खरा की खोटा हे ओळखायचं काम आपल्यावर. म्हणून तिच्या फोनवर आम्ही ‘पासकी’ करून घेतली. अॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी २०२२ मध्ये मिळून ही पद्धत उचलून धरली आणि २०२३ पासून गूगलच्या खात्यालाही ती लावता येते. g.co/passkeys या पत्त्यावर जाऊन ‘Create a passkey’ दाबायचं, फोन उघडताना टेकवतो तसं बोट टेकवायचं, की झालं.

पण आत काय होतं ते समजलं, तरच भरवसा वाटतो. बँकेत आपण नमुना सही देऊन ठेवतो ना, तसंच काहीसं. पासकी करताना फोन किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. त्यातली खासगी किल्ली आपल्याकडेच राहते, जाहीर किल्ली त्या कंपनीकडे जाते. पुढे खातं उघडायचं म्हटलं, की कंपनी एक अगदी नवा, अर्थहीन आकडा पाठवते. फोन आपलं बोट बघतो आणि खासगी किल्लीने त्या आकड्यावर सही करून परत धाडतो. जाहीर किल्लीने कंपनी ती सही ताडून बघते. बँकेतली सही बघून कुणी गिरवू शकेल, पण जाहीर किल्लीवरून सही करताच येत नाही. कंपनीकडे चोरी झाली तरी चोराच्या हाती काही उपयोगाचं लागत नाही. आजची सही उद्या चालत नाही, कारण उद्याचा आकडा निराळा. आणि हो, बोटाचा ठसा फोनबाहेर जात नाही हं! तो फक्त फोनला ‘मीच आहे’ एवढं सांगण्यापुरता.

खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक पासकी एकाच पत्त्याशी बांधलेली असते आणि तो पत्ता डोळ्यांनी आपण नाही, फोन तपासतो. पत्त्यात एक अक्षर जरी इकडचं तिकडे असलं, तरी फोन ती किल्ली बाहेरच काढत नाही.

दिवाळीच्या सुमारास जाऊबाईंना पुन्हा तसाच निरोप आला आणि सवयीने तिने दाबलाही! पण या वेळी बोट टेकवायची खूण काही येईना. उलट पान म्हणालं, ‘पासकी सध्या बंद आहे, पासवर्ड टाका.’ तिथेच तिला शंका आली. मला फोन करून म्हणाली, “वहिनी, हा बोट मागतच नाही हो!” मी म्हटलं, “मग बंद कर ते पान आधी.” कारण पासकी केली तरी जुना पासवर्ड बहुधा खात्यावर तसाच राहतो. पुढचं दार भक्कम केलं तरी मागचं उघडंच, आणि भामटा तिथूनच यायला बघतो.

फोन हरवला तर? गूगल किंवा अॅपलच्या खात्यात या किल्ल्या कुलूपबंद होऊन जपल्या जातात. नव्या फोनवर त्या परत मिळवताना बहुधा जुन्या फोनचा पिन विचारतात, तो विसरून चालत नाही.

आता घराघरातली अडचण. बोट ओळखता आलं नाही तर फोन पिन मागतो, आणि आपला पिन चिरंजिवांना पाठ असतो! ज्याला फोन उघडता येतो, त्याला पासकीही वापरता येते. माझ्या शिकवणीच्या मुलांना मी हे सांगितलं तर सगळे एकमेकांकडे बघून हसले. म्हणून पासकी करण्याआधी पिन बदला आणि मुलांना खेळायला दुसरा फोन द्या. शाळेतल्या किंवा शेजारच्या संगणकावर तर पासकी करूच नका. तिथे मेल बघायचीच असेल तर पडद्यावर चौकोनी चित्र येतं, ते आपल्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपायचं. फोनचं ब्लूटूथ चालू हवं आणि फोन त्या संगणकाजवळ हवा. सही आपल्याच फोनवर होते, किल्ली तिथे राहत नाही. मात्र उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडायला विसरू नका.